अर्ध्या बुजलेल्या अक्षरांतून सन : कोनशिलेवरील रोमन आकडे कसे वाचावेत

जालन्यात जुन्या छावणीच्या बाजूला एक काळ्या दगडातली इमारत आहे. तिच्या व्हरांड्यातल्या भिंतीत, जोत्यालगत, एक कोनशिला बसवलेली आहे. काही वर्षांपूर्वी व्हरांड्यात जुन्या फरशीवरच नवी फरशी घातली गेली आणि जमीन चार बोटे वर आली. त्यामुळे कोनशिलेची शेवटची ओळ निम्म्याहून अधिक फरशीखाली गेली, आणि नेमकी हीच ओळ सनाची होती. राखणदाराला विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, ह्याच्यावर साल न्हाई, नुसते एबीसीडीचे अक्षरं हैत." त्याचे म्हणणे दिसण्याच्या बाबतीत अगदी बरोबर होते. रोमन पद्धतीत आकड्यांसाठी वेगळी चिन्हे नसतात, अक्षरेच आकड्यांचे काम करतात, आणि ती अर्धी झाकली गेली तर त्यांना शब्द समजावे की सन, हेही कळेनासे होते.

तरीही ती ओळ वाचता आली. फरशी न उखडता, दगडाला धक्का न लावता, केवळ रोमन लेखनाच्या नियमांच्या आधारे संभाव्य सनांची संख्या दोनवर आणता आली आणि मग एका साध्या मोजपट्टीने त्या दोनांतला एक ठरवता आला. हे कसे घडले, ते सांगण्यासाठी आधी नियम थोडे नीट समजून घ्यावे लागतील. शाळेत आपण सगळेच घड्याळापुरते आणि इयत्तांपुरते रोमन आकडे शिकलेलो असतो, पण झिजलेला किंवा झाकलेला सन वाचताना तेवढे पुरत नाही.

चिन्हे एकूण सातच आहेत. I म्हणजे १, V म्हणजे ५, X म्हणजे १०, L म्हणजे ५०, C म्हणजे १००, D म्हणजे ५०० आणि M म्हणजे १०००. मोठे चिन्ह आधी आणि लहान नंतर आले की बेरीज होते, म्हणून LX म्हणजे ६०. लहान चिन्ह मोठ्याच्या आधी आले की ते वजा होते, म्हणून XL म्हणजे ४०. ही वजाबाकी मराठी माणसाला परकी वाटू नये, कारण आपणही एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असे म्हणतो आणि पुढच्या दशकातून एक उणा करूनच ती संख्या सांगतो.

मात्र इथेच एक घसरण्याची जागा आहे. आपला 'एकोण' कुठल्याही दशकाला लागतो, रोमन वजाबाकी तशी लागत नाही. एकोणनव्वद म्हणजे नव्वदाला एक कमी, म्हणून तो IXC असा लिहिला असेल असे कोणी समजले तर ते चुकेल. रोमन पद्धतीत ८९ हा LXXXIX असा लिहितात, म्हणजे ऐंशी वेगळे आणि नऊ वेगळे. वजाबाकीच्या मान्य जोड्या फक्त सहा आहेत : IV आणि IX, XL आणि XC, CD आणि CM. एकक फक्त पाच किंवा दहातून वजा होतो, दहा फक्त पन्नास किंवा शंभरातून, आणि शंभर फक्त पाचशे किंवा हजारातून. V, L आणि D ही तीन चिन्हे कधीही वजा होत नाहीत आणि एकाच संख्येत दोनदा येत नाहीत. I, X आणि C लागोपाठ तीनदा येऊ शकतात.

या सर्व नियमांमागे एकच कल्पना आहे आणि ती लक्षात ठेवली की बाकीचे पाठ करावे लागत नाही. रोमन संख्या हजार, शतक, दशक आणि एकक अशा चार तुकड्यांची बनलेली असते, प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे लिहिलेला असतो आणि तुकडे डावीकडून उजवीकडे उतरत्या क्रमानेच येतात. एकदा एककाचा तुकडा सुरू झाला की पुन्हा दशकाकडे परत जाता येत नाही. झिजलेला सन वाचताना सर्वांत जास्त उपयोग याच गोष्टीचा होतो.

म्हणून सन वाचताना एकेक अक्षर जोडत जाण्यापेक्षा आधी शतकाचा तुकडा ओळखावा. एकोणिसाव्या शतकातले १८०० ते १८९९ हे सन MDCCC या पाच अक्षरांनी सुरू होतात, आणि १९०० ते १९९९ हे बहुधा MCM या तिघांनी. मराठवाड्यातल्या जुन्या इंग्रजी कोनशिलेवर या दोहोंपैकी एक सुरुवात सापडेल अशीच अपेक्षा धरावी. हैदराबाद कंटिन्जंट, म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेली पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज, हिच्या छावण्या जालना, औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, या गावांत होत्या, आणि इंग्रजी लेख असलेले जुने दगड शोधायचे तर अशाच ठिकाणांपासून सुरुवात करावी. अक्षरांची संख्या पाहून सन मोठा की लहान हे ठरवता येत नाही. १८८८ लिहायला MDCCCLXXXVIII अशी तेरा अक्षरे लागतात, आणि त्यानंतर बारा वर्षांनी आलेले १९०० तीन अक्षरांत MCM असे मावते.

आता पुन्हा जालन्याच्या त्या दगडाकडे येऊ. वरच्या ओळींतली इंग्रजी अक्षरे पूर्ण दिसत होती आणि त्यांची उंची चार सेंटीमीटर होती. शेवटच्या ओळीचा फक्त वरचा दीड सेंटीमीटर भाग फरशीच्या वर उरला होता. त्यावर पांढऱ्या रंगाचे दोन-तीन थर चढले होते, त्यामुळे समोरून पाहिल्यावर सगळे सपाट वाटत होते. अशा वेळी समोरून उजेड टाकून काही उपयोग होत नाही. संध्याकाळी, व्हरांडा अंधारल्यावर, बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून डावीकडून आडवा प्रकाश टाकला, तेव्हा प्रत्येक उभ्या खाचेच्या एका कडेला सावली पडली आणि अक्षरे उठून दिसली. बाजूने टाकलेल्या उजेडात उभ्या रेषा दिसतात, वरून खाली टाकलेल्या उजेडात आडव्या रेषा दिसतात, म्हणून दोन्ही बाजूंनी पाहावे आणि दोन्हींचे मोबाइलवर फोटो घ्यावेत. तारेचा ब्रश, छिन्नीने रंग खरवडणे किंवा ॲसिड ओतणे यांपैकी काहीही करू नये. रंगाखाली जे थोडेफार शिल्लक आहे, तेही त्यात जाते. अक्षरांत खडू भरून ती उजळ करण्याची सवयही चुकीची आहे, कारण खडू भरणारा आपल्याला जे दिसते असे वाटते तेच भरतो आणि पुढचा माणूस दगड न वाचता तो खडू वाचतो.

काळ्या दगडाची आणखी एक अडचण असते. आपल्या भागातला बेसाल्ट हा लाव्हा थंड होऊन बनलेला खडक आहे, आणि थंड होताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची लहान लहान छिद्रे त्यात राहतात. अशी दोन-तीन छिद्रे एका रेषेत आली की ती I च्या झिजलेल्या रेषेसारखी भासतात. खरी खाच ओळखण्याची खूण म्हणजे तिची टोके. पाथरवटाने अक्षर कोरताना उभ्या रेषेच्या टोकाला बहुतेक वेळा बारीक आडवी टाकी मारलेली असते, तर छिद्रांच्या रांगेला असे टोक नसते. संगमरवरी पाटीवर प्रकार वेगळा असतो. तिथे अक्षरे कित्येकदा शिसे ठोकून भरलेली असतात आणि शिसे निघून गेले तरी ते धरून ठेवण्यासाठी पाडलेली बारीक भोके मागे उरतात. त्या भोकांच्या मांडणीवरून हरवलेले अक्षर उभे करता येते, म्हणून संगमरवरातली भोके भरून घेण्याची घाई करू नये.

आडव्या उजेडात जालन्याच्या दगडावरची पहिली पाच अक्षरे स्पष्ट ओळखता आली. M ची दोन शिखरे, D ची उभी रेषा आणि तिच्यापासून उजवीकडे वळलेली कमान, आणि त्यानंतर C च्या तीन कमानी. म्हणजे MDCCC, अर्थात अठराशेचे शतक. पुढे पाच खुणा होत्या : एक उभी रेषा, मग खाली जवळ येत जाणाऱ्या तिरक्या रेषांच्या तीन जोड्या, आणि शेवटी पुन्हा एक उभी रेषा. जसे दिसते तसे लिहिले तर ते IVVVI असे होते, आणि असा आकडा रोमन पद्धतीत असूच शकत नाही.

इथे बुजलेल्या ओळीचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. L चा आडवा पाय सर्वांत खाली असतो, त्यामुळे खालचा भाग झाकला की L आणि I यांत काहीच फरक राहत नाही. तसेच X चा वरचा अर्धा भाग हा एक लहानसा V च असतो, म्हणून झाकलेला X हा V वाटतो. याचा अर्थ, दिसणारी प्रत्येक उभी रेषा I किंवा L असू शकते आणि दिसणारी प्रत्येक तिरकी जोडी V किंवा X असू शकते. पाच जागा आणि प्रत्येक जागी दोन पर्याय, म्हणजे एकूण बत्तीस शक्यता. आता नियम लावून त्या कमी करत जायचे.

पहिली उभी रेषा I आहे असे धरू. मग तिच्यापुढची जोडी V किंवा X, म्हणजे IV किंवा IX. हा एककाचा तुकडा झाला आणि त्यानंतर काहीही येता कामा नये. पण दगडावर तर पुढे आणखी तीन खुणा आहेत. म्हणून पहिली रेषा I नाही, ती L आहे, आणि सन पन्नासच्या पुढचा आहे. बत्तीसपैकी सोळा शक्यता एका झटक्यात गेल्या.

आता तीन जोड्या. पहिली जोडी V असती तर दशकाचा तुकडा संपून एकक सुरू झाले असते, आणि त्यानंतर V पुन्हा येऊ शकत नाही, X तर येऊच शकत नाही. पुढे मात्र आणखी दोन जोड्या आहेत. म्हणून पहिली जोडी X आहे. दुसऱ्या जोडीलाही हेच कारण लागू पडते, कारण तिच्यापुढे अजून एक जोडी आहे. म्हणून तीही X आहे. तिसऱ्या जोडीनंतर फक्त एक उभी रेषा आहे, त्यामुळे ती V ही असू शकते आणि X ही असू शकते. शेवटची उभी रेषा L असू शकत नाही, कारण L एकदा येऊन गेला आहे. म्हणून ती I आहे.

उरले दोनच पर्याय : LXXVI किंवा LXXXI, म्हणजे १८७६ किंवा १८८१. बत्तीसवरून दोनवर येण्यासाठी दगडाला हातही लावावा लागला नाही.

या दोनांतून एक निवडण्यासाठी भूमिती पुरेशी ठरली. V च्या दोन्ही रेषा अक्षराच्या तळाशी, म्हणजे पूर्ण चार सेंटीमीटर खाली जाऊन मिळतात. X च्या रेषा मात्र मध्यावर, दोन सेंटीमीटरवरच एकमेकींना भेटतात. दोन्ही अक्षरांची वरची रुंदी साधारण सारखी, तीन सेंटीमीटर, असेल तर दीड सेंटीमीटर खाली आल्यावर X च्या रेषा जवळजवळ मिळत आलेल्या असतात आणि त्यांच्यात सुमारे पाऊण सेंटीमीटरचे अंतर उरते, तर त्याच पातळीवर V च्या रेषांमध्ये जवळजवळ दोन सेंटीमीटर अंतर असते. फरशीच्या कडेशी पट्टी धरून रेषांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजले. पहिल्या जोडीत सात मिलिमीटर, दुसऱ्या जोडीत आठ, आणि तिसऱ्या जोडीत एकोणीस. तिसरे अक्षर V होते. सन १८७६.

मोजमाप घेताना तिन्ही जोड्या एकमेकींशी ताडून पाहणे महत्त्वाचे आहे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. नुसते तिसरे अक्षर मोजून 'हे रुंद आहे, म्हणून V' असे म्हटले असते तर पाथरवटाची अक्षरे मुळातच रुंद होती की काय, ही शंका राहिली असती. त्याच हाताने, त्याच ओळीत कोरलेले दोन X शेजारी असल्यामुळे तुलनेला पक्का आधार मिळाला.

नियमांवर इतका विश्वास टाकताना एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही, ती म्हणजे कोरणारे लोक नेहमी नियम पाळत नसत. वजाबाकीची पद्धत ऐच्छिकच मानली जाई, आणि घड्याळाच्या तबकडीवर चारसाठी IIII असलेले आपण पाहतोच. लंडनमधल्या ॲडमिरल्टी आर्चवर १९१० हे सन MCMX असे नाही, तर MDCCCCX असे कोरलेले आहे, म्हणजे चार C लागोपाठ. अमेरिकेत सेंट लुईस येथील कलासंग्रहालयावर १९०३ साठी MDCDIII असे आहे, ज्यात D दोनदा आला आहे आणि 'पाचशे अधिक चारशे' असा हिशेब केला आहे. म्हणून MDCCC च्या पुढे आणखी एक C दिसला तर ती दृष्टीची चूक समजून सोडून देऊ नये, तो दगड अठराशेच्या शतकातला नसून एकोणीसशेच्या पुढचा असेल. C मोजताना प्रत्येक कमानीवर बोट ठेवून मोजावे, कारण इथे एक C जास्त किंवा कमी झाला की शंभर वर्षांचा फरक पडतो. जालन्याच्या दगडावर तीन C आणि त्यानंतर लगेच L ची रेषा होती, आणि पुढची मांडणी सैल पद्धतीने लिहिली असे धरले तरी तिसरा कुठला अर्थपूर्ण सन निघत नव्हता.

दोन गैरसमज मराठवाड्यातल्या दगडांवर विशेष होतात. पहिला A.D. या अक्षरांचा. ती 'अ‍ॅनो डॉमिनी' या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत आणि सनाच्या आधी किंवा नंतर येतात. मधले टिंब झिजले की तिथला D पाचशे म्हणून बेरजेत धरला जातो आणि हिशेब बिघडतो. सनाच्या आधी A सापडला की त्याच्याजवळचा D बाजूला काढावा, कारण A हा रोमन आकडा नाही. दुसरा गैरसमज उर्दू आकड्यांचा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा प्रदेश निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे फारसी-उर्दू लेखांचे दगडही इथे आहेत. उर्दू आकड्यांतला सात हा हुबेहूब V सारखा दिसतो, आठ हा उलट्या V सारखा, आणि एक ही साधी उभी रेषा असते. म्हणजे उर्दूतले सतरा आणि रोमन चार हे दगडावर सारखेच दिसू शकतात. उलटा V दिसला तर तो आकडा रोमन नाही, कारण रोमन आकड्यांत उलटा V नाही. आसपासची अक्षरे कुठल्या लिपीतली आहेत, हे आधी पाहून घ्यावे.

दोन्ही लिप्यांतले सन एकाच दगडावर असतील तर मात्र ती मोठी सोय होते, कारण एकाने दुसऱ्याची खात्री करता येते. दख्खनी फसली सन, म्हणजे निजामाच्या राज्यात महसुली कारभारासाठी वापरला जाणारा सन, यात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन मिळतो. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते आणि त्याला अशी सरसकट बेरीज लागू होत नाही, तिथे पंचांगाचे कोष्टकच पाहावे लागते. उदाहरणार्थ, हिजरी १२९३ हे वर्ष जानेवारी १८७६ च्या अखेरीस सुरू झाले. जालन्याच्या त्या दगडावर असा दुसरा सन असता तर पट्टीची गरजच पडली नसती.

सन नक्की झाल्यावरही तो कशाचा सन आहे, हा प्रश्न वेगळा राहतो. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावर MCMXI, म्हणजे १९११, असे कोरलेले आहे, आणि अनेक जण तोच बांधकामाचा सन समजतात. प्रत्यक्षात तो राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी मुंबईत उतरले त्या घटनेचा सन आहे. गेटवेची कोनशिला ३१ मार्च १९१३ रोजी बसवली गेली आणि वास्तू खुली झाली ती ४ डिसेंबर १९२४ रोजी. दगडावरचा सन आणि उभी राहिलेली वास्तू यांत तेरा वर्षांचे अंतर पडले. म्हणून सनाच्या आधीचे क्रियापद वाचावे : 'कोनशिला बसवली' असे म्हटले आहे, 'उद्घाटन झाले' असे म्हटले आहे, की 'स्मरणार्थ' असे. जालन्याच्या दगडावर वरच्या ओळीत 'हा दगड बसवला' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर होता, म्हणून १८७६ हे पाया घातल्याचे वर्ष आहे, इमारत पुरी झाल्याचे नाही. शिवाय दगड मूळ जागीच आहे का, हेही पाहावे लागते. जुनी इमारत पाडून नवी बांधताना तिची कोनशिला आदराने नव्या भिंतीत बसवण्याची पद्धत आहे. दगडाभोवतीचा चुना आणि सांधे बाकीच्या भिंतीसारखेच असतील तर तो मूळचा समजायला हरकत नाही. सभोवार सिमेंटची ताजी चौकट असेल तर नाही. इथे चुना सगळीकडे सारखा होता.

नोंद करताना मी अक्षरे नुसती पूर्ण करून लिहिली नाहीत. शिलालेखांचे अभ्यासक झिजलेल्या आणि शंकास्पद अक्षराखाली टिंब देतात आणि पूर्णपणे नाहीसे झालेले, आपण तर्काने भरलेले अक्षर चौकटी कंसात घालतात. त्या दगडाची नोंद वहीत अशी झाली : पहिली पाच अक्षरे MDCCC, स्पष्ट. पुढची पाच LXXVI, खालचा भाग फरशीखाली, प्रत्येकाखाली टिंब. शेजारी तिन्ही जोड्यांची मोजमापे मिलिमीटरमध्ये, फोटोची तारीख, आणि एक ओळ : फरशी कधी काढली गेल्यास L चा पाय आणि तिसऱ्या जोडीचा तळ प्रथम पाहावा.